निनावी कौल आणि त्याचा जाहीर हिशेब

सप्टेंबर महिना हा आपल्याकडे सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा महिना असतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३० सप्टेंबरपूर्वी ही सभा घेण्याचे बंधन असल्याने पर्युषण-दशलक्षणाच्या आसपासच जिन्याखालच्या फलकावर सभेच्या सूचना लागू लागतात. विषयपत्रिकेत चौथ्या-पाचव्या क्रमांकावर एक विषय हमखास असतो, देखभाल शुल्कात वाढ करणे. हा विषय आला की सभेचा सूर बदलतो. दोन-तीन सभासद तावातावाने बोलतात, समिती उत्तरे देते, आणि उरलेले पस्तीस-चाळीस जण गप्प बसतात. मग अध्यक्ष विचारतात, "कोणाची हरकत?" हात वर होत नाहीत आणि इतिवृत्तात ‘ठराव एकमताने मंजूर’ असे लिहिले जाते. पुढच्या सहा महिन्यांत थकबाकीच्या यादीत नवी नावे दिसू लागली की समितीला नवल वाटते.

त्या गप्प बसलेल्यांत कोण असते? केवळ कुटुंबनिवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या आजी असतात. चारशे रुपयांची वाढ आपल्याला जड जाईल हे त्या शेजाऱ्यांदेखत म्हणणार नाहीत. समितीतील एखाद्याशी व्यापारी संबंध असलेले गृहस्थ असतात. आणि वाढ हवीच आहे, पण ‘पैसेवाला’ म्हणवून घ्यायची इच्छा नाही, असेही काही असतात. अशा विषयावर खरे मत हवे असेल तर सभेच्या आधी निनावी कौल घ्यावा लागतो. तो घेणे अवघड नाही, पण तो निनावी राखणे पुष्कळच अवघड आहे. माझ्या मते बहुतेक ठिकाणी निनावीपणा मत घेताना टिकतो आणि निकाल सांगताना फुटतो. म्हणून या वेळी निकालाच्या बाजूवर अधिक लिहीत आहे.

समजुतीसाठी एक सोसायटी कल्पू. दोन विंग, ४४ सदनिका आणि तळमजल्यावर ४ दुकानगाळे, असे एकूण ४८ सभासद. सध्याचे शुल्क दरमहा २,५०० रुपये, म्हणजे जमा १,२०,००० रुपये. खर्च असा: तीन पाळ्यांचे वॉचमन ५४,०००, सामायिक वीज व पंप ३१,०००, झाडलोट १८,०००, पाण्याचे टँकर १६,०००, लिफ्टचा देखभाल करार ७,००० आणि किरकोळ १२,०००. एकूण १,३८,००० रुपये. दरमहा १८,००० रुपयांची तूट, म्हणजे प्रत्येक सभासदामागे ३७५ रुपये.

आता मत विचारायचे कसे? सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे व्हॉट्सॲपच्या गटावर पोल टाकणे, आणि नेमका तोच येथे निरुपयोगी आहे. त्या पोलखालच्या View votes वर बोट ठेवले की कोणी कोणता पर्याय निवडला ते नावानिशी सर्वांना दिसते. तो हात वर करण्याचाच प्रकार झाला. फरक एवढाच, की सभेतला हात खाली येतो आणि हा वर झालेला हात गटात तसाच राहतो.

येथे दोन शब्दांतला भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. बँकेत ‘गोपनीय’ शिक्का मारलेली पाकिटे मी आयुष्यभर हाताळली. गोपनीय याचा अर्थ, माहिती कोणाची आहे हे आम्हांस ठाऊक आहे, पण आम्ही ते सांगणार नाही. निनावी याचा अर्थ, कोणालाच ठाऊक नाही, म्हणून सांगायचा प्रश्नच उद्भवत नाही. सचिवांनी घरोघरी फिरून मते टिपून घेतली तर ती फार तर गोपनीय होतात, निनावी नव्हेत. दोहोंपैकी आपण काय देत आहोत ते चिठ्ठीवर प्रामाणिकपणे छापावे. गोपनीयतेला निनावीपणा म्हणून खपवले, तर पुढच्या वर्षी कोणी खरे मत देणार नाही.

कागदी चिठ्ठीला मी अजूनही पहिली पसंती देतो. टपाली मतदानात वापरतात तशी दोन पाकिटांची पद्धत सोसायटीला उत्तम जमते. सर्व ४८ चिठ्ठ्या एकाच कागदावर छापाव्यात, त्यांवर क्रमांक नसावा, मात्र कोणी छायाप्रती टाकू नयेत म्हणून प्रत्येकीवर सोसायटीचा गोल शिक्का असावा. सोबत दोन पाकिटे. आतले कोरे, सगळ्यांचे एकसारखे. बाहेरच्यावर सदनिका क्रमांक. सभासदाने चिठ्ठीवर खूण करून ती आतल्या पाकिटात बंद करावी, ते बाहेरच्या पाकिटात घालावे आणि कार्यालयातील पेटीत टाकावे. लिहायला जागा ठेवू नये, केवळ चौकटीत बरोबरची खूण. अक्षर ओळखणारे शेजारी प्रत्येक इमारतीत असतात. मत सदनिकेमागे एक, माणशी नव्हे, हेही चिठ्ठीवर असावे, अन्यथा पती-पत्नी संयुक्त सभासद असलेल्या घरांतून दुसरी चिठ्ठी मागितली जाते. बाहेरगावी राहणाऱ्या मालकांना पाकिटे टपालाने पाठवावीत आणि मुदत पंधरा दिवसांची ठेवावी. ती पर्वाच्या दिवसांत संपू नये, कारण तेव्हा घरे बंद असतात.

गूगल फॉर्मचा आग्रह धरणारेही असतात. त्यात ई-मेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवता येतो. Limit to 1 response सुरू केले तर उत्तर देणाऱ्याला गूगल खात्यात प्रवेश करावा लागतो, पण त्यामुळे एका खात्याला एक मत मिळते, एका सदनिकेला एक नव्हे. घरात चार खाती असतील तर चार मते. त्यावर एक देशी उपाय आहे. ४८ निरनिराळे सांकेतिक क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून, घड्या घालून डब्यात टाकावेत, प्रत्येक घराने स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी उचलावी आणि तो क्रमांक फॉर्ममध्ये भरावा. कोणता क्रमांक कोणाकडे गेला हे कोणालाच कळत नाही, आणि दुबार किंवा उपरा क्रमांक मात्र लगेच सापडतो. तरीही एक छिद्र उरतेच. उत्तरांच्या तक्त्यात Timestamp हा स्तंभ आपोआप येतो. सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गटावर "आत्ताच भरला हो फॉर्म" असे लिहिणाऱ्या सद्गृहस्थांचे मत सात वाजून नऊ मिनिटांच्या ओळीत उघडे पडलेले असते. म्हणून फॉर्म ज्याच्या खात्यावर आहे तो समितीबाहेरचा, किंबहुना सोसायटीबाहेरचाच असावा.

चिठ्ठीवरचा प्रश्न कसा असावा? "शुल्कवाढ मान्य आहे काय? होय / नाही" हा प्रश्न निरर्थक आहे, कारण किती वाढ आणि न दिल्यास काय, हे दोन्ही त्यात नाही. चिठ्ठीच्या मागे वरचा खर्चाचा तक्ता छापावा आणि पुढे विचारावे: "दरमहा जास्तीत जास्त किती रकमेला आपली संमती असेल?" पर्याय चार, प्रत्येकासमोर त्याचा परिणाम. २,५०० रुपये: वॉचमनची एक पाळी बंद करावी लागेल. २,७०० रुपये: सेवा तशाच, पण दरमहा ८,४०० रुपये ठेवींतून काढावे लागतील. २,९०० रुपये: तूट भरून निघेल, दरमहा १,२०० रुपये उरतील. ३,२०० रुपये: तूट भरून लिफ्टच्या नूतनीकरणासाठी दरमहा १५,६०० रुपये शिल्लक. ‘जास्तीत जास्त’ या दोन शब्दांना येथे महत्त्व आहे. ज्याने ३,२०० वर खूण केली त्याची २,९०० ला हरकत नाही असे त्यामुळेच धरता येते, आणि मतांची बेरीज पायरीपायरीने करता येते.

दुसरा प्रश्न, केवळ पहिले दोन पर्याय निवडणाऱ्यांसाठी: याहून अधिक नको असण्याचे मुख्य कारण कोणते? खर्चाचा हिशेब स्पष्ट नाही, उत्पन्न मर्यादित आहे, ती सेवा आम्हांस लागत नाही, अन्य. एवढेच दोन प्रश्न. विंग, मजला, वय, मालक की भाडेकरू ठेवलेला, हे विचारण्याचा मोह आवरावा. ‘बी विंग, सातवा मजला, साठ वर्षांवरील’ एवढी माहिती गोळा झाली की त्या चिठ्ठीवर नाव लिहिण्याची गरज उरत नाही. जी माहिती घेतलीच नाही ती कोणाकडून चुकून बाहेर पडण्याची भीती नसते.

मतमोजणी समितीबाहेरच्या तीन सभासदांनी करावी. प्रथम बाहेरची पाकिटे यादीवर टिपून घ्यावीत, मग सगळी उघडून आतली कोरी पाकिटे दुसऱ्या पेटीत टाकावीत, पेटी हलवावी आणि त्यानंतरच आतली पाकिटे फोडावीत. हा क्रम मोडून एकेक पाकीट शेवटपर्यंत उघडत गेले तर दोन पाकिटांचा खटाटोप वाया जातो. दोन्ही विंगच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळाव्यात. आपल्या सार्वत्रिक निवडणुकांतही मतपत्रिकांच्या काळी अनेक मतदानकेंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद होती. यंत्रे आल्यावर केंद्रनिहाय आकडे दिसू लागले आणि कोणत्या वस्तीने कोणाला मते दिली हे उघड होऊ लागले, म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव मांडला. हजार-बाराशे मतदारांच्या केंद्राविषयी जी काळजी वाटते ती बावीस घरांच्या विंगविषयी अधिकच वाटायला हवी. मोजणी एकदाच, शेवटच्या दिवशी करावी. मध्येच ‘आतापर्यंतचा कल’ सांगू नये. शनिवारी ३० मते सांगितली आणि रविवारी ३१, तर त्या एका दिवसात कोण पाकीट टाकायला आले होते ते वॉचमनसुद्धा सांगेल. तसेच आठवण करून द्यायची ती सर्वांना द्यावी, पाकीट न दिलेल्यांच्या दारी जाऊन नव्हे.

आता निकाल. आपल्या कल्पित सोसायटीत ४८ पैकी ४१ पाकिटे परत आली. एका चिठ्ठीवर दोन खुणा असल्याने ती बाद झाली आणि ४० वैध राहिल्या. जास्तीत जास्त २,५०० म्हणणारे ९, २,७०० म्हणणारे ७, २,९०० म्हणणारे १५ आणि ३,२०० म्हणणारे ९. म्हणजे किमान २,७०० ला तयार असणारे ३१, किमान २,९०० ला तयार २४ आणि ३,२०० ला ९.

उत्साही सचिव फलकावर लिहितील, ‘साठ टक्के सभासदांचा २,९०० रुपयांना पाठिंबा’. ४० पैकी २४ म्हणजे साठ टक्के, हे गणित बरोबर आहे. पण ‘सभासदांचा’ हा शब्द चूक आहे. सभासद ४८ आहेत, आणि ४८ पैकी २४ म्हणजे निम्मे. उरलेल्या आठ जणांचे, म्हणजे सात न आलेल्या आणि एका बाद चिठ्ठीचे, मत आपल्याला माहीत नाही. ते आठही विरोधात असतील तर पाठिंबा निम्माच राहतो. आठही बाजूने असतील तर तो ३२, म्हणजे दोन-तृतीयांश होतो. सत्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे आणि निकालात तेवढेच लिहावे. मौन म्हणजे संमती हा सभेतला जुना नियम येथे आणू नये. त्या नियमाला कंटाळूनच आपण चिठ्ठ्या वाटल्या. चाळीस मतांवर टक्केवारी लिहूच नये असे माझे मत आहे. ‘४० पैकी २४’ हे वाचणाऱ्याला अधिक समजते आणि त्यात फसवणुकीला जागा राहत नाही.

याहून नाजूक भाग दुसऱ्या प्रश्नाचा. वाढ नको किंवा थोडीच चालेल असे म्हणणाऱ्या १६ जणांपैकी ९ जणांनी हिशेब स्पष्ट नाही असे कारण दिले, ४ जणांनी उत्पन्न मर्यादित, २ जणांनी सेवा लागत नाही आणि एकाने अन्य. हे आकडे जसेच्या तसे फलकावर लागले तर काय होईल? ‘उत्पन्न मर्यादित : ४’ हे वाचताच प्रत्येक मजल्यावर बोटे मोजली जातील. पहिल्या मजल्यावरच्या आजी, तिसऱ्यावरचे नोकरी गेलेले गृहस्थ... नावे चुकली तरी ज्यांच्याकडे बोट गेले त्यांना जिन्यातून जाताना त्याचा त्रास होणारच. म्हणून पाचांपेक्षा लहान संख्या स्वतंत्र देऊ नये, असा नियम मतमोजणीपूर्वीच ठरवून टाकावा. येथे ‘हिशेब स्पष्ट नाही : ९, अन्य तीन कारणे मिळून : ७’ असे लिहिले की पुरते. ती तीन कारणे कोणती ते शब्दांत नमूद करावे, म्हणजे उत्पन्नाची अडचण असलेले सभासद आहेत एवढे समितीला कळते आणि ते किती व कोण हे कळत नाही. हाच नियम समितीलाही लागू. ‘आम्हांला तरी खासगीत सांगा’ ही विनंती मोजणाऱ्यांनी नम्रपणे नाकारावी.

लहान संख्या झाकताना हिशेबनिसाची एक सवय कामी येते, वजाबाकी करून पाहण्याची. समजा, कोणी सदनिकांची मते वेगळी जाहीर केली आणि गाळ्यांची केवळ चारच म्हणून दिली नाहीत. एकूण आकडा दिलेलाच आहे, मग एकूण वजा सदनिका म्हणजे गाळे, हे कोणीही काढील. एक आकडा झाकला तर त्याच बेरजेतील दुसराही झाकावा लागतो. आणि संख्या लहान नसतानाही एकमत झाले की गुपित फुटते. तळमजला व पहिला मजला मिळून दहा चिठ्ठ्या असतील आणि दहाही ३,२०० च्या विरोधात असतील, तर ‘दहापैकी शून्य’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या आकड्याने दहाही घरांची मते चव्हाट्यावर येतात. सांगण्यासारखी माहिती तेथे आहे, लिफ्ट न वापरणाऱ्यांना लिफ्टचा खर्च नको आहे हे समितीला कळणे उपयोगी आहे. पण ती मजल्यांच्या तक्त्यातून न मिळवता सभेत चर्चेतून मिळवावी. तेथे बोलणारा स्वतःच्या इच्छेने बोलतो.

फलकावर लावायचा निकाल साधारण असा असावा:

"देखभाल शुल्काविषयी निनावी कौल. एकूण सभासद ४८. परत आलेली पाकिटे ४१, बाद १, वैध ४०. प्रश्न: दरमहा जास्तीत जास्त किती रकमेला आपली संमती असेल? उत्तरे: २,५०० रुपये – ९, २,७०० रुपये – ७, २,९०० रुपये – १५, ३,२०० रुपये – ९. म्हणजे ४० पैकी २४ सभासदांना २,९०० किंवा अधिक रक्कम मान्य आहे. आठ सभासदांचे मत कळलेले नाही. त्यांचे मत कसेही असले तरी २,९०० ला संमती असणारे ४८ पैकी किमान २४ व कमाल ३२ ठरतात. अधिक वाढ नको म्हणणाऱ्या १६ जणांपैकी ९ जणांनी हिशेब स्पष्ट नाही हे कारण दिले. उत्पन्नाची मर्यादा, सेवेची गरज नसणे व अन्य ही कारणे मिळून ७. पाचांहून कमी संख्या स्वतंत्र दिलेल्या नाहीत. हा कौल आहे, ठराव नव्हे." खाली मोजणाऱ्या तिघांच्या सह्या आणि तारीख.

प्रश्न शब्दशः द्यावा, त्याचा सारांश देऊ नये. नापसंत आलेला आकडाही त्याच आकाराच्या अक्षरात द्यावा. आणि सभेला निदान आठवडाभर अवकाश असताना लावावा, म्हणजे सभासदांना विचार करायला वेळ मिळतो.

या निकालाचे समितीने काय करावे? कौलाने शुल्क वाढत नाही. अंदाजपत्रक आणि ठराव सर्वसाधारण सभेतच व्हायचे. मात्र वरच्या आकड्यांत समितीला बरेच काही सापडेल. २,९०० ला निम्म्याहून अधिक निश्चित पाठिंबा दिसत नाही, आणि विरोधातील सर्वांत मोठा गट पैशाअभावी नव्हे तर हिशेबाअभावी अडलेला आहे. तेव्हा सभेपूर्वी वॉचमनचा करार, विजेची वर्षभराची बिले आणि टँकरच्या पावत्या कार्यालयात दोन रविवार पाहण्यासाठी ठेवल्या तर त्या नऊंपैकी काही वळतील. उत्पन्नाची अडचण असलेल्यांना शुल्कात सूट देता येत नाही, सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखेच आकारावे लागते. पण वाढ दोन टप्प्यांत, म्हणजे ऑक्टोबरपासून २,७०० आणि एप्रिलपासून २,९००, अशी सुचवता येते. तिमाही बिल असेल तर सर्वांनाच दरमहा भरण्याची मुभा देता येते. ही मुभा सर्वांना दिली की ती कोणासाठी दिली हे कोणी विचारत नाही.

सदनिका क्रमांक असलेली बाहेरची पाकिटे मोजणीच्याच दिवशी, तिघांसमक्ष फाडून टाकावीत. ती राहिली तर कोण मत द्यायला आले नाही याची यादी राहते. आतल्या चिठ्ठ्या मात्र सीलबंद करून सभा होईपर्यंत ठेवाव्यात, कारण सभेत कोणी फेरमोजणी मागू शकतो. सभा संपून इतिवृत्त मंजूर झाले की त्याही नष्ट कराव्यात आणि तसे त्या तिघांनी एका ओळीत लिहून द्यावे.